वेबहुकची सही जुळली, पण तो कोणी पाठवला हे सिद्ध झालं का?

प्रश्न: चांदीच्या दागिन्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. ४८,००० रुपयांच्या एका ऑर्डरला पेमेंट गेटवेकडून ‘पैसे मिळाले’ असा वेबहुक, म्हणजे त्यांच्या सर्व्हरकडून आमच्या सर्व्हरला आपोआप येणारा मेसेज, आला, त्याच्या `X-Signature` हेडरमधली सही जुळली, आम्ही माल पाठवला. पैसे मात्र खात्यात आलेच नाहीत. गेटवे म्हणतो, असा मेसेज आम्ही पाठवलाच नाही. आमच्याकडे लॉग आहेत, सही आजही जुळते. ही डिजिटल सिग्नेचर म्हणजे पक्का पुरावा आहे ना?

उत्तर:

तिसऱ्या माणसासमोर नाही. मेसेज आला त्या क्षणी तुमच्या सर्व्हरने विश्वास ठेवायला ती जुळणी ठीक होती, आणि डेव्हलपरने ती तपासली हेही योग्यच झालं. पण लवादापुढे किंवा कोर्टात ‘हे गेटवेनेच पाठवलं’ असं ती एकटी दाखवू शकत नाही. यामागे काही गहन गणित नाही. ती सही तयार करायला जे सिक्रेट लागतं, ते तुमच्याही सर्व्हरवर आहे, एवढीच अडचण आहे.

एक गोष्ट मी गृहीत धरतोय, ती आधी तपासा. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुक सुरू करताना तुम्ही एखादं सिक्रेट टाकलं होतं किंवा तिथून कॉपी करून आपल्या कोडच्या सेटिंगमध्ये ठेवलं होतं का? आणि `X-Signature` मध्ये ६४ अक्षरी हेक्स आकडा दिसतो का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर हेडरचं नाव काहीही असो, तुमच्याकडे आहे तो बहुधा एचमॅक, म्हणजे मजकूर आणि सिक्रेट मिळून एसएचए-२५६ हॅश वापरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. त्याची लांबी ३२ बाइट, म्हणून हेक्समध्ये ६४ अक्षरं. खरी डिजिटल सिग्नेचर असती तर २०४८ बिटच्या आरएसए कीची सही २५६ बाइटची, बेस६४ मध्ये ३४४ अक्षरांची दिसली असती, आणि तपासायला तुम्हाला सिक्रेटऐवजी त्यांची पब्लिक की दिली गेली असती. माझ्या कामात पाहिलेल्या बहुतेक वेबहुकांवर एचमॅकच असतो, म्हणून पुढचं सगळं तो धरून लिहितो.

एचमॅक चालतो असा: गेटवेकडे मेसेजचा मजकूर आहे आणि सिक्रेट आहे. दोन्ही मिळून एका ठरलेल्या पद्धतीने हॅश काढला जातो आणि तो हेडरमध्ये घालून पाठवला जातो. तुमचा सर्व्हर तोच मजकूर आणि तेच सिक्रेट घेऊन तोच हिशेब पुन्हा करतो आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहतो. म्हणजे तपासणं आणि तयार करणं ही अक्षरशः एकच क्रिया आहे. ज्याला तपासता येतं त्याला बनवताही येतं. खात्री करायची असेल तर तुमच्याच लॅपटॉपवर हे चालवून बघा:

```
printf '%s' '{"order":"A-1017","amount":4800000,"status":"captured"}' \
  | openssl dgst -sha256 -hmac 'tumcha-webhook-secret'
```

(रक्कम पैशांत आहे, म्हणून ४८ लाख.) जो आकडा येईल तो त्या मजकुरासाठी पूर्णपणे खरा एचमॅक आहे. `4800000` च्या जागी काहीही लिहा, त्याचाही खराच येईल. गेटवेचा वकील समोरच्या तज्ज्ञाला हीच कमांड चालवायला सांगेल आणि विचारेल, “हा मेसेज दुकानदाराने स्वतःच घरी बसून तयार केला नाही हे तुम्ही कशावरून म्हणता?” याला एचमॅककडे उत्तर नाही.

मग तुमच्या सर्व्हरने त्या मेसेजवर विश्वास का ठेवला? कारण त्याच्या विचारात दोन पायऱ्या आहेत. पहिली: हा आकडा सिक्रेट माहीत असलेल्या कोणीतरी काढला आणि वाटेत मजकूर बदललेला नाही. दुसरी: सिक्रेट फक्त दोघांकडे आहे, आणि मी तर हा मेसेज लिहिलेला नाही, म्हणजे तो त्यांनीच लिहिला. पहिली पायरी कोणालाही दाखवता येते, अर्थात सिक्रेट उघड करायची तयारी असेल तर. दुसरी मात्र ‘मी लिहिला नाही’ या तुमच्या स्वतःच्या माहितीवर उभी आहे. ती माहिती तुम्हाला आहे, लवादाला नाही. ती फाइलमध्ये घालून कोणाला देता येत नाही. एकाच रबरी शिक्क्याच्या दोन प्रती दोन भागीदारांकडे असाव्यात, तसं हे आहे: दोघांना आपसात कागद कोणाचा ते कळतं, बाहेरच्याला कळत नाही.

डिजिटल सिग्नेचरमध्ये नेमकी ही दुसरी पायरी बदलते. तिथे दोन वेगळ्या किल्ल्या असतात. प्रायव्हेट की फक्त सही करणाऱ्याकडे आणि पब्लिक की सगळ्या जगाकडे. पब्लिक कीने सही तपासता येते, करता येत नाही. तुम्हाला ओळखीचं उदाहरण म्हणजे जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसवरचा क्यूआर कोड. त्यात इन्व्हॉइस नोंदवणाऱ्या पोर्टलने आपल्या प्रायव्हेट कीने सही केलेली माहिती असते. अधिकारी तो हायवेवर ट्रक थांबवूनही तपासू शकतो, आणि ‘हा क्यूआर व्यापाऱ्यानेच बनवला असेल’ ही शंका तिथे टिकत नाही, कारण व्यापाऱ्याकडे ती प्रायव्हेट की नसतेच. हाताने करून बघायचं असेल तर `msg.json` नावाच्या फाइलमध्ये तोच मजकूर ठेवा आणि ओपनएसएसएलच्या ३.० किंवा पुढच्या आवृत्तीवर हे चालवा:

```
openssl genpkey -algorithm ed25519 -out priv.pem
openssl pkey -in priv.pem -pubout -out pub.pem
openssl pkeyutl -sign -inkey priv.pem -rawin -in msg.json -out msg.sig
openssl pkeyutl -verify -pubin -inkey pub.pem -rawin \
  -in msg.json -sigfile msg.sig
```

शेवटची कमांड `Signature Verified Successfully` म्हणेल. आता `priv.pem` दुसऱ्या मशीनवर हलवा आणि `msg.json` मधला एक आकडा बदला. त्या बदललेल्या मजकुरावर चालेल अशी सही `pub.pem` वरून बनवायची वाट नाही. तुमच्या गेटवेने असं काही केलं असतं तर तुमच्या लॉगमधला तो मेसेज आज फार वजनदार कागद ठरला असता.

पण सहीलाही अवास्तव मोठं करू नका. ती एवढंच सांगते की या प्रायव्हेट कीने या मजकुरावर सही झाली. ती की कोणाची, हे सहीत नसतं. ते सर्टिफिकेट सांगतं, आणि सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा की नाही हा वेगळा प्रश्न. सर्टिफिकेट कुठून घ्यायचं त्याची लिंक वेबहुकच्या हेडरमध्येच देण्याचीही एक पद्धत आहे. ती लिंक गेटवेच्याच डोमेनची आहे का आणि सर्टिफिकेट कोणी दिलंय हे न पाहता डाउनलोड करणारा कोड मी पाहिलेला आहे. अशा ठिकाणी भामटा आपल्या कीने सही करतो, आपल्याच सर्टिफिकेटची लिंक देतो आणि तपासणी खुशाल ‘बरोबर’ म्हणते. दुसरं म्हणजे वेळ. मजकुरात लिहिलेली वेळ ही सही करणाऱ्याने सांगितलेली वेळ असते. उद्या तो म्हणाला, ‘माझी की चोरीला गेली होती, ही सही चोराची’, तर सही चोरीच्या आधीची की नंतरची हे ठरवायला बाहेरच्या कोणाचा तरी टाइमस्टँप लागतो. आपल्या आयटी कायद्याने, म्हणजे २००० च्या कायद्याच्या कलम ४२ ने, ही पळवाट बरीच अरुंद केली आहे: की सांभाळायची जबाबदारी सर्टिफिकेट घेणाऱ्याची, आणि ती फुटल्याचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला कळवेपर्यंत तोच जबाबदार. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये डिजिटल सिग्नेचरसाठी दोन किल्ल्यांची पद्धत आणि हॅश असं स्पष्ट लिहिलं आहे. एकाच सामायिक सिक्रेटवरचा एचमॅक त्यात बसत नाही. कायद्याच्या बाजूचं याहून पुढे वकिलालाच विचारा, माझं क्षेत्र ते नाही.

आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी मेसेज आजचाच आहे हे सिद्ध होत नाही. गेल्या महिन्यातला खरा मेसेज कोणी जसाच्या तसा पुन्हा पाठवला तर एचमॅकही जुळतो आणि सहीही जुळते. त्यासाठी मजकुरातच वेळ आणि इव्हेंटचा क्रमांक असावा लागतो, आणि ‘हा क्रमांक आधी येऊन गेलाय का’ हे तुमच्या कोडने पाहावं लागतं.

इथे हमखास एक जण म्हणतो, “पण सगळं एचटीटीपीएसवरून आलं, त्यांत तर सर्टिफिकेट असतं की!” असतं, पण उलट बाजूचं. वेबहुकमध्ये गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला फोन लावतो, त्यामुळे सर्टिफिकेट दाखवतो तो तुमचा सर्व्हर. गेटवेने आपलं सर्टिफिकेट दाखवावं अशी वेगळी सोय केलेली नसेल तर टीएलएसला, म्हणजे एचटीटीपीएसच्या मागच्या सुरक्षेच्या पद्धतीला, समोर कोण आहे याचा पत्ताही नसतो. आणि ती सोय असली तरी टीएलएसमध्ये प्रायव्हेट कीची सही होते ती सुरुवातीच्या बोलणीवर. त्यानंतर जो मजकूर वाहतो त्याचं रक्षण दोघांनी मिळून ठरवलेल्या सामायिक किल्ल्यांनी होतं, म्हणजे पुन्हा एचमॅकच्याच जातीचा मामला. म्हणून साठवून ठेवलेलं टीएलएस संभाषणही तिसऱ्यासमोर पुरावा होत नाही. जाता जाता, काही ठिकाणी हाच गुण मुद्दाम मागितला जातो. दोघांच्या खाजगी गप्पांसाठीच्या ओटीआर या २००४ च्या पद्धतीत जुन्या मॅक किल्ल्या, म्हणजे एचमॅकसारख्या आकड्यांची सिक्रेटं, जाणूनबुजून उघड केल्या जातात, म्हणजे नंतर कोणालाही ‘हे यानेच लिहिलं’ असं ठामपणे म्हणता येऊ नये. तुमच्या व्यवहारात मात्र तो गुण तुमच्याच अंगावर आलाय.

आता तुमच्या घटनेकडे. गेटवे खोटं बोलतोय असं लगेच धरून चालू नका. तीन शक्यता आहेत आणि तिन्ही तुमच्याच लॉगमधून बऱ्यापैकी वेगळ्या करता येतात. पहिली, मेसेज खरंच त्यांचा आणि चूक त्यांच्या यंत्रणेत. दुसरी, जुना मेसेज परत आला. त्यासाठी तोच इव्हेंट क्रमांक किंवा तोच पेमेंट क्रमांक तुमच्या डेटाबेसमध्ये आधी आहे का ते शोधा. मजकुरात ऑर्डर क्रमांक नसेल आणि तुमचा कोड ऑर्डर यूआरएलवरून ओळखत असेल तर ही शक्यता खूप वाढते, कारण यूआरएल सहसा एचमॅकच्या हिशेबात धरलेला नसतो. तिसरी, सिक्रेट फुटलंय. ही मला सगळ्यात जास्त भेटलेली. सिक्रेट गिटमध्ये कमिट झालेलं असतं, काम सोडून गेलेल्या फ्रीलान्सरकडे असतं, किंवा टेस्ट आणि लाइव्ह दोन्हींना एकच सिक्रेट ठेवलेलं असतं. शेवटच्या प्रकारात तर गेटवेच्या टेस्ट खात्यातून निघालेला लुटुपुटीचा मेसेज तुमच्या खऱ्या दुकानात खरा ठरतो. गेटवेने पाठवला हेही खरं आणि पैसे नव्हते हेही खरं! वेबसर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये ती विनंती कुठल्या आयपीवरून आली ते पाहा आणि त्याच दिवशीच्या इतर वेबहुकांशी ताडून बघा. बाकी सगळे दोन-तीन ठरावीक आयपींवरून आणि हा एकटाच भलत्याच पत्त्यावरून आला असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. मधे सीडीएन किंवा प्रॉक्सी असेल तर मूळ आयपी कुठल्या हेडरमध्ये येतो ते आधी माहीत करून घ्या, नाहीतर सगळे आयपी प्रॉक्सीचेच दिसतील.

हे करताना लॉगमध्ये नेमकं काय साठवलंय तेही बघा. एचमॅक निघतो तो आलेल्या बाइट्सवर. कोडने जेसन उलगडून पुन्हा बांधून साठवलं असेल तर जागा, क्रम, `4800.00` चं `4800` असं काहीतरी बदलतं आणि नंतर एचमॅक जुळत नाही. यातला एक प्रकार आपल्याकडे विशेष सापडतो: इंग्रजीत नाव लिहिलेल्या ग्राहकांचे वेबहुक जुळतात आणि देवनागरीत नाव लिहिलेल्यांचे फेटाळले जातात. कारण पायथनचं `json.dumps` सांगितल्याशिवाय देवनागरी अक्षरांचे `\u0938` सारखे संकेत करून टाकतं आणि मूळ मजकुरात सरळ यूटीएफ-८ असतं. तुमची सही आजही जुळते म्हणताय, म्हणजे मूळ बाइट्स शाबूत आहेत. ती फाइल आता कोणी उघडून पुन्हा सेव्ह करू नये. शेवटी एखादी नवी ओळ वाढली तरी सगळा हिशेब बिघडतो.

लॉग निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. कोर्ट फक्त गणित पाहत नाही. ॲक्सेस लॉग, माल पाठवल्याची पावती, गेटवेशी झालेला पत्रव्यवहार, बँकेचं स्टेटमेंट असं सगळं मिळून चित्र तयार होतं. इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात आणायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, जे आधी ६५ब म्हणून ओळखलं जायचं. त्याच्या नमुन्यात नोंदीचा हॅशही लिहावा लागतो, तेव्हा लॉगची प्रत आजच वेगळी काढून तिचा एसएचए-२५६ काढून ठेवा. तो हॅश ‘फाइल तेव्हापासून बदलली नाही’ एवढंच दाखवतो, आतला मेसेज कोणाचा हे नाही. तोच फरक पुन्हा इथेही.

पुढच्यासाठी कोडमध्ये एक बदल करा. वेबहुक आला की माल सोडायचा नाही. त्यातला पेमेंट क्रमांक घेऊन गेटवेच्या एपीआयला तुम्ही स्वतः विचारायचं: हे पेमेंट आहे का, रक्कम किती, स्थिती काय, ऑर्डर कोणती. आता फोन तुम्ही लावताय, त्यामुळे सर्टिफिकेट त्यांना दाखवावं लागतं, आणि वेबहुकचं सिक्रेट फुटलं तरी चोराला त्याने काही साधत नाही. तिसऱ्यासमोरचा पुरावा यानेही मिळत नाही, पण ४८,००० चा माल चुकीने बाहेर जाणं थांबतं. गेटवे सही केलेले वेबहुक देत असेल तर ते घ्या. फक्त सही कुठल्या पद्धतीने तपासायची हे तुमच्या कोडमध्ये पक्कं लिहिलेलं असू द्या, येणाऱ्या मेसेजला ते ठरवू देऊ नका. जेडब्ल्यूटी या सही केलेल्या टोकनच्या पद्धतीच्या काही लायब्ररींमध्ये २०१५ साली हेच भगदाड सापडलं होतं: मेसेज स्वतःच म्हणायचा ‘मला एचमॅकने तपासा’, आणि लायब्ररी सगळ्यांना ठाऊक असलेली पब्लिक कीच सिक्रेट समजून वापरायची.

आणि आज, शक्यतो आत्ता, करायचं काम. त्या पेमेंटबद्दल गेटवेकडून ईमेलही आलेला असू शकतो: ‘पेमेंट मिळालं’ किंवा त्या दिवसाचा सेटलमेंट रिपोर्ट. मोठ्या कंपन्यांच्या ईमेलवर सहसा डीकेआयएमची सही असते, आणि ती खरीखुरी डिजिटल सिग्नेचर आहे. प्रायव्हेट की त्यांच्याकडे, पब्लिक की त्यांच्या डीएनएसमध्ये. ईमेलचा मूळ मजकूर उघडा (जीमेलमध्ये `Show original`) आणि `DKIM-Signature` हेडर शोधा. त्यात `d=` पुढे डोमेन असतं आणि `s=` पुढे सिलेक्टर. `d=` मध्ये गेटवेचं स्वतःचं डोमेन असेल तर उत्तम. तिथे एखाद्या ईमेल पाठवणाऱ्या सेवेचं डोमेन असेल तर सही त्या सेवेची, गेटवेची थेट नाही. ईमेल `.eml` म्हणून मूळ स्वरूपात उतरवून घ्या, फॉरवर्ड करू नका, कारण फॉरवर्ड केलेली प्रत म्हणजे नवा ईमेल असतो. मग पब्लिक की उतरवा:

```
dig +short TXT SELECTOR._domainkey.DOMAIN
```

कंपन्या या किल्ल्या अधूनमधून बदलतात आणि जुनी डीएनएसमधून काढून टाकतात. एकदा ती गेली की तुम्ही साठवलेली की त्यांचीच होती हे पुन्हा तुमच्याच शब्दावर येतं. म्हणून की अजून जागेवर असताना ही तपासणी तुमच्या वकिलाच्या तज्ज्ञाकडून, आणि जमलं तर समोरच्या बाजूच्याही उपस्थितीत, करून त्याची नोंद करून घ्या. असा ईमेल मिळाला आणि त्यात ऑर्डर क्रमांक व रक्कम असली, तर वेबहुकवर वाद घालत बसण्यापेक्षा तोच पुढे करा.